बाबासाहेब कुठे राहत होते? पत्रं आणि जुन्या डिरेक्टऱ्यांमधून घराचा पत्ता शोधताना

लंडनमधल्या १० किंग हेन्रीज रोड या घरावर एक निळी पाटी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, असं ती सांगते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तेव्हापासून लंडनला जाणारी आपली माणसं आवर्जून तिथे जाऊन येतात. पण बाबासाहेब १९२० च्या सप्टेंबरपासून १९२३ पर्यंत लंडनमध्ये शिकत होते. मधला काही काळ जर्मनीत गेला. त्याआधी १९१६-१७ मध्येही ते लंडनमध्ये होते, आणि पुढे गोलमेज परिषदांसाठी पुन्हा गेले. पाटीवरचा काळ वगळला, तर बाकीच्या दिवसांत त्यांचा मुक्काम कोणत्या घरी होता?

मुंबई, न्यूयॉर्क, बडोदा, दिल्ली अशा त्यांच्या प्रत्येक शहराबद्दल हा प्रश्न पडतो. या कामाला नव्याने लागणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी आणि कुठे फसायला होतं, ते इथे सांगतो. पत्रावर तारीख असते, म्हणून काळ पत्रातून ठरवायचा. डिरेक्टरीत रस्त्यावरच्या घरांचा क्रम असतो, म्हणून जागा डिरेक्टरीतून ठरवायची. या दोन्हींची कामं वेगळी ठेवली की अर्धा गोंधळ संपतो.

आधी पत्रांची वही करा

डिरेक्टरी उघडण्याआधी हाताशी असतील तेवढी पत्रं तारीखवार लावा. एका पत्राला एक ओळ. त्या ओळीत तारीख, पत्राच्या माथ्यावरचा पत्ता जसाच्या तसा, तो छापील आहे की हाताने लिहिलेला, पत्र कुणाला गेलं आणि हे सगळं तुम्ही मूळ पत्रात पाहिलं की छापील संग्रहात, एवढं हवं. शेवटचा रकाना लोक सोडून देतात, आणि नेमका तोच पुढे लागतो. पत्रसंग्रह छापताना संपादक बहुतेक वेळा माथ्यावरचा पत्ता गाळतात, किंवा नुसतं ‘लंडन’ लिहून मोकळे होतात. १६ फेब्रुवारी १९२२ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठातल्या प्रा. सेलिग्मन यांना पत्र लिहिलं. त्यात प्रबंधाचं पहिलं हस्तलिखित १९१७ मध्ये बोट बुडाली तेव्हा गेलं, असं ते सांगतात. हे पत्र सगळीकडे त्यातल्या मजकुरासाठी उद्धृत होतं. आपल्याला मात्र त्याच्या माथ्यावरच्या ओळी हव्यात, आणि त्यासाठी मूळ पत्राचं छायाचित्रच पाहायला हवं.

प्रत्येक पत्त्याला एक जातही लावा: राहतं घर, कार्यालय, कुणाच्या तरी मार्फत, किंवा क्लब-हॉटेल. नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. परळचा दामोदर हॉल हे त्याचं उत्तम उदाहरण. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय तिथे होतं. सभेच्या कागदांवर हाच पत्ता येणार, आणि तो त्या काळात पुन्हापुन्हा दिसणार. म्हणून बाबासाहेब दामोदर हॉलमध्ये राहत होते असं होत नाही. त्यांचं बिऱ्हाड तिथून जवळच, पोयबावडीतल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होतं. पत्ता कितीदा सापडला यावरून घर ठरत नाही. ते ठरवायला खासगी पत्रं लागतात: घरच्यांना, मित्रांना लिहिलेली, ज्यांत ‘उत्तर या पत्त्यावर पाठव’ असं असतं.

छापील माथ्याबद्दलही सावध राहायला हवं. छापलेले कागद उरले की माणूस घर बदलल्यावरही तेच वापरतो. जुना पत्ता खोडून वर नवा लिहिलेला असेल, तर ते पत्र सोन्यासारखं. घर बदलल्याची तारीख त्या पत्राच्या आसपासचीच असते. त्यांना आलेल्या पत्रांची पाकिटं हाती लागली, तर त्यांवरचे शिक्के पाहा. एका पत्त्यावर आलेलं पाकीट पोस्टमनने पुढच्या पत्त्यावर वळवलं असेल, तर दोन्ही पत्ते आणि दोन्ही तारखा एकाच कागदावर मिळतात.

लंडन: नाव शोधू नका, रस्ता शोधा

लंडनच्या घरांसाठी मुख्य साधन म्हणजे केलीची पोस्ट ऑफिस लंडन डिरेक्टरी. दरवर्षी निघणाऱ्या या जाडजूड ग्रंथात रस्त्यांचा विभाग वेगळा, नावांचा वेगळा आणि धंद्यांचा वेगळा. पहिल्यांदा हातात घेणारा माणूस नावांच्या विभागात ‘आंबेडकर’ शोधतो, नाव मिळत नाही, आणि तो ग्रंथ मिटतो. नाव नसणं साहजिकच आहे. ही डिरेक्टरी घर ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव देते. खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, मग तो कोणीही असो, तिच्यात येत नाही. बाबासाहेब लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत, घरमालकिणीच्या हातचं खाऊन राहिले. डिरेक्टरीत त्या घरापुढे नाव असणार ते घर चालवणाऱ्याचं.

म्हणून रस्त्यांचा विभाग उघडा आणि किंग हेन्रीज रोड काढा. तिथे घरं रस्त्याच्या बाजूप्रमाणे, क्रमांकाने लावलेली असतात, आणि मध्ये जिथे दुसरा रस्ता येऊन मिळतो तिथे ‘इथे अमुक रस्ता आहे’ अशी ओळ असते. १० क्रमांकापुढचं नाव उतरवून घ्या. शेजारच्या दोन्ही घरांची नावं घ्या आणि सगळ्यात जवळच्या आडव्या रस्त्याचंही नाव घ्या. ही आडव्या रस्त्याची ओळ पुढे फार उपयोगी पडते.

कोणत्या वर्षाचा ग्रंथ पाहायचा, यातही एक खोच आहे. १९२२ ची डिरेक्टरी १९२१ च्या अखेरीस जमवलेल्या माहितीवर छापलेली असते. म्हणजे १९२१-२२ मधल्या घरासाठी १९२१, १९२२ आणि १९२३ असे तिन्ही ग्रंथ पाहावे लागतात. तिन्हींत १० क्रमांकापुढे एकच नाव असेल, तर त्या काळात घर चालवणारं माणूस बदललं नाही, हे कळतं. मग पत्रात किंवा आठवणीत घरमालकिणीचा उल्लेख आला की तो या नावाशी ताडून पाहता येतो. इंग्लंडच्या जुन्या डिरेक्टऱ्या लेस्टर विद्यापीठाने नेटवर ठेवल्या आहेत, पण तो संग्रह साधारण १९१० च्या दशकापर्यंतचा आहे. १९२० नंतरच्या ग्रंथांसाठी द लंडन अर्काइव्ह्ज, म्हणजे पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज, किंवा कॅम्डेनचं स्थानिक इतिहासाचं केंद्र गाठावं लागतं. किंग हेन्रीज रोड ज्यात येतो तो कॅम्डेन हा विभाग १९६५ मध्ये हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न एकत्र करून झाला. त्यामुळे त्याआधीच्या मतदारयाद्या आणि करांच्या वह्या या जुन्या नावांखाली मागाव्या लागतात. ‘कॅम्डेन १९२२’ अशी मागणी केली तर हाती काहीच येत नाही.

डिरेक्टरीत न येणारा भाडेकरू खानेसुमारीत येतो. इंग्लंडची १९२१ ची खानेसुमारी १९ जूनच्या रात्रीची आहे. ती आधी एप्रिलमध्ये व्हायची होती, कोळसा खाणींच्या संपामुळे पुढे गेली. २०२२ पासून ती फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येते, आणि तिथे पत्त्यानेही शोध घेता येतो. पत्त्यानेच घ्या. ज्याने हस्ताक्षर वाचून यादी केली त्याला ‘आंबेडकर’ हे नाव ओळखीचं असण्याचं कारण नव्हतं. नावाने शोधायचंच असेल तर `Ambedkar` सोबत `Ambedker`, `Ambadkar`, `Ambedhar` अशी रूपंही टाकून पाहा, आणि आडनावाच्या जागी `Bhimrao` किंवा `Ramji` पडलं असेल हेही धरून चाला. आणि हे लक्षात असू द्या की खानेसुमारी एका रात्रीची असते. एखाद्या पत्त्यावर नाव मिळालं नाही म्हणून ते त्या वर्षी तिथे राहिलेच नाहीत, असं म्हणता येत नाही.

विद्यार्थ्यासाठी तिसरी जागा म्हणजे त्याची संस्था. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संग्रहात बाबासाहेबांची विद्यार्थी-फाईल आहे. अर्ज, फीचे कागद, प्रबंधाबद्दलचा पत्रव्यवहार अशा फायलीतल्या कागदांवर तारीख आणि पत्ता शेजारी-शेजारी असतात, कारण संस्थेला उत्तर पाठवायचं असतं. बॅरिस्टर होण्यासाठी ते ज्या संस्थेत होते, त्या ग्रेज इनचं दप्तरही याच कारणासाठी पाहावं. पाटीवरच्या दोन वर्षांच्या अलीकडचे आणि पलीकडचे महिने भरून काढायचे, तर माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे.

तारीख नसलेलं पत्र हाती आलं, तर पत्त्यातलीच एक खूण मदतीला येते. लंडनच्या टपाल विभागांना आकडे १९१७ मध्ये मिळाले. वायव्य विभागाचं नुसतं ‘एन.डब्ल्यू.’ असेल तर पत्र त्याआधीचं असू शकतं, किंवा लिहिणाऱ्याने जुन्या सवयीने आकडा गाळला असेल. ‘एन.डब्ल्यू. ३’ असेल तर मात्र ते १९१७ च्या आधीचं असू शकत नाही. म्हणजे पहिल्या मुक्कामातल्या १९१६ च्या महिन्यांशी ते जोडायचं नाही.

आता राहिला दारापर्यंत पोचण्याचा प्रश्न. आजचा १० क्रमांक आणि तेव्हाचा १० क्रमांक एकच आहेत का? यासाठी ती आडव्या रस्त्यांची ओळ. डिरेक्टरीत १० क्रमांक ज्या दोन कोपऱ्यांच्या मध्ये आहे, त्याच दोन कोपऱ्यांच्या मध्ये तो आजच्या नकाशावर आहे का ते पाहा. मग त्या काळाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा मोठ्या मापाचा नकाशा घ्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर असे नकाशे फुकट पाहता येतात. कोपऱ्यापासून घरं मोजत या. कोपरे जुळले आणि मोजणी जुळली, तर क्रमांक बदललेला नाही. लंडनमध्ये १९३० च्या दशकात कितीतरी रस्त्यांची नावं बदलली आणि त्याबरोबर क्रमांकही फिरले, म्हणून हे टाळू नका. क्रमांक जुळला तरी इमारत तीच असेल असं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत कोणतं घर किती पडलं, ते रंगांनी दाखवणारे नकाशे लंडन काउंटी कौन्सिलने केले होते, ते एकदा पाहून घ्यावेत.

न्यूयॉर्क

इथे काम सोपं आहे, कारण सगळे पत्ते विद्यापीठाच्या अवतीभवतीचे आहेत. १९१३ मध्ये बाबासाहेब आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले, मग ५५४ वेस्ट ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासोबत राहिले. ते मैत्र जन्मभर टिकलं. लिव्हिंग्स्टन हॉलचं नाव आज वॉलक हॉल आहे. जुन्या नावाने विचारलं तर आवारातले विद्यार्थी गोंधळतात.

मॅनहॅटनमध्ये क्रमांकच जागा सांगतो. पश्चिमेकडच्या रस्त्यांचे आकडे फिफ्थ अव्हेन्यूपासून वाढत जातात, आणि या भागात पाचशेचे क्रमांक अ‍ॅम्स्टरडॅम अव्हेन्यू आणि ब्रॉडवे यांच्या मध्ये पडतात. म्हणजे नकाशा न उघडताही ५५४ हे कोलंबियाच्या आवाराला दक्षिणेकडून लागून आहे, हे कळतं.

इथला एक कागद मुंबईच्या शोधालाही लागतो. त्या काळी अमेरिकेत उतरणाऱ्या प्रवाशांच्या जहाज-याद्यांत एक रकाना असे: मायदेशातला सर्वांत जवळचा नातेवाईक आणि त्याचा पूर्ण पत्ता. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले होते. त्यानंतर काही महिन्यांतच मुलगा अमेरिकेला निघाला. त्या रकान्यात कुणाचं नाव आणि मुंबईतला कोणता पत्ता दिला आहे, ते यादीच्या छायाचित्रातच वाचावं. टंकलिखित सारांशात हा रकाना बहुधा नसतो.

बडोदा: खोट्या नावाची नोंद

१९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. ‘अस्पृश्य’ म्हणून कुणी घरात घेईना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तिथे नोंदवहीत बिगर-पारशाचं नाव चालत नव्हतं, म्हणून पारशी नाव लावावं लागलं. काही दिवसांत काठ्या घेतलेले पारशी जमले आणि त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

शोधणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. ही नोंदवही उद्या कुठे सापडली, तरी तिच्यात ‘आंबेडकर’ नसेल. जातीमुळे ज्याला घर नाकारलं गेलं, त्याचा माग घराच्या कागदांत पुसट असतो किंवा नसतोच. अशा शहरात डिरेक्टरीवर वेळ घालवू नये. स्वतःच्या शब्दांतलं वर्णन, ते ज्या बागेत जाऊन बसले त्या कमाठी बागेसारख्या ठिकाणांचे उल्लेख आणि दरबारातल्या नोकरीचे कागद, एवढ्यावर काम करावं लागतं. नोंद लिहिताना ‘पारशी धर्मशाळा, दुसऱ्या नावाने’ असं स्पष्ट लिहावं, म्हणजे पुढचा माणूस नावाच्या यादीत अडकणार नाही.

मुंबई: चाळीची खोली आणि स्वतःचं घर

मुंबईसाठी टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी आणि थॅकरची इंडियन डिरेक्टरी, या दोन मालिका हाताशी हव्यात. पण त्या घडवल्या गेल्या साहेब, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यासाठी. चाळीतली खोली त्यांत सापडत नाही. बाबासाहेबांचं नाव पाहायचं ते १९२३ नंतरच्या ग्रंथांत, हायकोर्टातल्या वकिलांच्या यादीत, आणि तिथेही पत्ता दिला असेल तर तो घरचा की कामाचा, हा प्रश्न पहिला.

परळची चाळ कळते ती पत्रांतून, आठवणींतून आणि ट्रस्टच्या कागदांतून. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१, असा हा पत्ता आहे, आणि काळ १९१२ ते १९३४ असा सांगितला जातो. हा काळ कुटुंबाचा आहे, हे लक्षात घ्या. त्यातली १९१३ ते १९१७ आणि १९२० ते १९२३ ही वर्षं बाबासाहेब परदेशी होते. लंडनमध्ये ते अर्धपोटी अभ्यास करत असताना रमाबाई याच खोल्यांत संसार ओढत होत्या. तुमच्या वहीत एकाच वर्षापुढे लंडन आणि परळ असे दोन पत्ते आले, तर ती चूक नाही. दोन्ही खरे आहेत, फक्त कोण कुठे होतं ते लिहायला हवं.

ट्रस्टच्या कागदांबद्दल एक अडचण आधीच सांगतो. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्यामुळे चाळीची जुनी दप्तरं ट्रस्टच्या नावाने विचारली की ‘असं खातंच नाही’ असं उत्तर येतं. महापालिकेच्या मालमत्ता खात्याचं नाव घेऊन, ‘बीआयटी चाळी’ असं म्हणून विचारावं. पोयबावडी हे नावही कागदोकागदी वेगळ्या स्पेलिंगने येतं, तेव्हा नेटवर शोधताना दोन-तीन रूपं टाकून पाहावीत.

दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ हे स्वतः बांधलेलं घर, त्यामुळे इथे कागदांची जात बदलते. स्वतःची जमीन असली की प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि मालमत्ता पत्रक असतं. तरीही बांधकाम पूर्ण होण्याची तारीख आणि राहायला जाण्याची तारीख या वेगळ्या. राहायला कधी गेले ते ठरवायला पुन्हा पत्रांच्या वहीकडेच यावं लागतं: परळच्या पत्त्यावरचं शेवटचं पत्र आणि दादरच्या पत्त्यावरचं पहिलं. या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी बिऱ्हाड हललं, एवढंच म्हणावं. मधला एक दिवस निवडून ‘या दिवशी’ असं लिहू नये.

दिल्ली: पद बदललं की बंगला बदलतो

दिल्लीत घर पदाबरोबर येतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, म्हणजे १९४२ नंतर, २२ पृथ्वीराज रोड. कायदामंत्री असताना १ हार्डिंग अव्हेन्यू. १९५१ मध्ये राजीनामा दिल्यानंतर २६ अलिपूर रोड, जिथे ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

पदाच्या तारखा सरकारी राजपत्रात पक्क्या मिळतात, पण बंगला त्याच दिवशी मिळत नाही आणि त्याच दिवशी सुटतही नाही. म्हणून पदाची तारीख फक्त चौकट म्हणून घ्यावी आणि आतला तपशील पत्रांनी भरावा. मंत्रालयाच्या छापील कागदावरचं पत्र कार्यालयात धरा, बंगल्यात धरू नका. हार्डिंग अव्हेन्यू आज टिळक मार्ग आहे, तेव्हा आजचे नकाशे त्या नावाने शोधावेत. अलिपूर रोडवर जुना बंगला उरलेला नाही. तिथे २०१८ मध्ये उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. अशा ठिकाणी ‘घर’ न लिहिता ‘घराची जागा’ असं लिहावं.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक पत्त्यापुढे तीन गोष्टी लिहा: ज्या तारखेला ते तिथे होते हे मूळ कागदावरून दिसतं ती पहिली आणि शेवटची तारीख, जागा आजच्या नकाशावर कशी जुळवली ते, आणि इमारत तीच आहे का. यातलं एखादं ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. किंग हेन्रीज रोडची नोंद करतानाही पाटीवरचा ‘१९२१-२२’ उचलून पहिल्या रकान्यात टाकू नका. तो ‘पाटीनुसार’ असा वेगळा लिहा, आणि पहिल्या रकान्यात तुम्ही स्वतः पाहिलेल्या पत्राची किंवा अर्जाची तारीख येऊ द्या.

प्रत्यक्ष जागेवर गेलात तर आज तिथे कोण राहतं त्याची चौकशी आणि परवानगी आधी. चाळीत लोकांचे संसार असतात. गॅलरीतून फोटो काढण्याआधी विचारावं, आणि आजच्या रहिवाशांची नावं नोंदीत आणू नयेत. चाळीतल्या जुन्या माणसांकडे एखादी भाडेपावती, एखादं पोस्टकार्ड असतं. दाखवलं तर तिथेच बसून वाचावं, तारीख आणि पत्ता उतरवून घ्यावा, आणि कागद त्यांच्याकडेच ठेवावा.